नोटाला सर्वाधिक मते मिळाली, तर निवडून कोण येतं?

दादा, आमच्या कॉलेजच्या नागरिकशास्त्राच्या प्रश्नमंजूषेत प्रश्न होता: "लोकसभा निवडणुकीत एखाद्या मतदारसंघात नोटाला सर्व उमेदवारांपेक्षा जास्त मते मिळाल्यास काय होईल?" मी "निवडणूक रद्द होऊन पुन्हा घेतली जाते" हा पर्याय निवडला, वर्गातल्या बहुतेकांनीही तोच निवडला. उत्तरसूचीत मात्र "उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणारा विजयी" असं आहे. एका मैत्रिणीने तर महाराष्ट्रात फेरनिवडणुकीचा नियम असल्याचं जुनं कात्रणही दाखवलं. मग उत्तरसूची चुकली का? तू इतकी वर्षं निवडणूक शाखेत काम करतोस, म्हणून तुलाच विचारते.

उत्तरसूची बरोबर आहे. तुझ्या मैत्रिणीचं कात्रणही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, कारण लोकसभेची निवडणूक एक आयोग घेतो आणि नगरपालिकेची दुसराच. पण आधी लोकसभेचं बघू, कारण तुमचा प्रश्न तिथला होता.

मतमोजणीच्या दिवशी शेवटची फेरी संपली की निकाल जाहीर करायचं काम निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचं असतं. तो स्वतःच्या मनाने काही जाहीर करत नाही. निवडणूक संचालन नियम, १९६१ यातला नियम ६४ त्याला सांगतो की ज्या उमेदवाराला सर्वांत जास्त वैध मते मिळाली, त्याला निवडून आल्याचं जाहीर कर. वाक्यात "उमेदवाराला" आहे, हे नीट बघ. नोटा उमेदवार नाही. त्याने अर्ज भरलेला नाही, अनामत भरलेली नाही, छाननीत तो टिकलेला नाही. मतदान यंत्रावर त्याचं बटण सगळ्यात खाली असतं, एवढंच. (यंत्राच्या एका युनिटवर सोळा बटणं असतात. त्यातलं एक नोटाला जातं, म्हणून पंधरापेक्षा जास्त उमेदवार झाले की दुसरं युनिट जोडावं लागतं. पाडू उमेदवार वाढले की आमच्या शाखेत सगळ्यात आधी याचीच चिंता सुरू होते.)

त्यामुळे अधिकाऱ्यापुढे जो तक्ता येतो, त्यात तो उमेदवारांचे आकडे एकमेकांशी ताडून बघतो. नोटाचा आकडा या शर्यतीत धरलाच जात नाही. समजा अमुक उमेदवाराला १०० मतं, दुसऱ्याला ८० आणि नोटाला ५,०००, तरी १०० मतंवाला खासदार. ऐकायला विचित्र वाटतं, पण नियमाच्या भाषेत त्यात काहीच अडत नाही. बटण आलं त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, भारत निवडणूक आयोगानेही हेच लेखी स्पष्ट केलं होतं.

तुला हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर कुठल्याही मतदारसंघाचा "नमुना २०" उघड. अंतिम निकालपत्रक म्हणतात त्याला. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघवार मिळतं. त्यात प्रत्येक मतदान केंद्राची एक ओळ असते. आडव्या रकान्यांत आधी एकेका उमेदवाराची मतं, मग "एकूण वैध मते", मग नाकारलेली मतं आणि त्यानंतर नोटा. म्हणजे वैध मतांची बेरीज मारून झाल्यावर नोटाचा रकाना येतो. तक्त्यातली ही जागाच सगळं सांगते. वर्तमानपत्रं मात्र निकाल छापताना नोटाला उमेदवारांच्या यादीत टाकतात, "नोटा दुसऱ्या क्रमांकावर" असा मथळा देतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की नोटाही लढतीत होता.

असा मथळा महाराष्ट्रात खरोखर छापून आलाय. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये काँग्रेसचे धीरज देशमुख १ लाख ३५ हजारांच्या आसपास मतं घेऊन निवडून आले. त्यांच्या खालोखाल आकडा होता नोटाचा, साधारण साडेसत्तावीस हजार. शिवसेनेच्या उमेदवाराला त्याच्या निम्मीही मतं नव्हती. त्याच निवडणुकीत सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगावमध्ये विश्वजीत कदम विजयी झाले आणि तिथेही नोटाचा आकडा वीस हजारांच्या वर जाऊन दुसरा ठरला. तरी निकालपत्रकात नोटाचा आकडा उमेदवारांच्या रकान्यांत नाही, वैध मतांच्या बेरजेनंतरच आहे.

सगळ्यात मोठा आकडा इंदूरचा. २०२४ च्या लोकसभेला तिथल्या काँग्रेस उमेदवाराने अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी माघार घेतली आणि भाजपमध्ये प्रवेश केला. काँग्रेसने मग लोकांना सांगितलं की नोटाचं बटण दाबा. ४ जूनला मोजणी झाली तेव्हा नोटाला २,१८,६७४ मतं पडली होती. भाजपचे शंकर लालवानी १२ लाखांवर मतं घेऊन जिंकले. आता कल्पना कर की आकडे उलटे पडले असते, नोटाला बारा लाख आणि लालवानींना दोन लाख. इंदूरच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात तरीही लालवानींना प्रमाणपत्र देण्यावाचून दुसरा काहीही मार्ग नव्हता. निवडणूक रद्द करायचा अधिकार देणारी एकही तरतूद नोटाशी जोडलेली नाही.

अनामत रकमेच्या बाबतीत लोकांचा अंदाज आणखी चुकतो. उमेदवाराला लोकसभेसाठी २५,००० आणि विधानसभेसाठी १०,००० रुपये भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला त्याच्या निम्मे. पडलेल्या उमेदवाराला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ही रक्कम जप्त होते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १५८ मध्ये ही बेरीज "सर्व उमेदवारांना मिळालेल्या वैध मतांची" आहे. नोटा त्यात नाही.

आता हिशेब करून बघ. एका मतदारसंघात १,२०,००० लोकांनी बटण दाबलं. त्यातली ३०,००० मतं नोटाला गेली. उमेदवारांच्या वाट्याला राहिली ९०,०००. त्याचा सहावा हिस्सा १५,०००. तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला १६,००० मतं आहेत, म्हणजे त्याची अनामत वाचली. नोटाची मतं बेरजेत धरली असती तर सहावा हिस्सा २०,००० झाला असता आणि त्याचे पैसे गेले असते. म्हणजे "सगळ्यांना धडा शिकवतो" म्हणून जे ३०,००० लोक नोटाकडे गेले, त्यांनी नकळत एका कमकुवत उमेदवाराची अनामत वाचवली. मोजणीच्या टेबलावर बसलेल्या प्रतिनिधींना हे बरोबर ठाऊक असतं. नोटाचा आकडा वाढताना दिसला की छोट्या पक्षाचा प्रतिनिधी कॅल्क्युलेटर काढतो.

मग फेरनिवडणुकीची समजूत आली कुठून? माझ्या मते ती नोटाच्याही आधीची आहे. २०१३ च्या बरीच वर्षं आधी एक ई-मेल फिरायचा, पुढे तोच व्हॉट्सॲपवर आला. त्यात लिहिलेलं असायचं की संविधानाच्या कलम ४९-ओ प्रमाणे तुम्ही केंद्रावर जाऊन "मला कोणालाच मत द्यायचं नाही" असं नोंदवू शकता, आणि अशा नोंदी विजयी उमेदवाराच्या मताधिक्यापेक्षा जास्त झाल्या तर निवडणूक रद्द होते, शिवाय त्या उमेदवारांना पुन्हा उभं राहता येत नाही. यातलं पहिलं अर्धं वाक्य सोडलं तर काहीच खरं नव्हतं. ४९-ओ संविधानात नाहीच. संविधानातलं कलम ४९ राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं आणि स्थळं जपण्याबद्दल आहे! ४९-ओ हा त्याच १९६१ च्या नियमांतला एक नियम. मतदाराने रजिस्टरमध्ये सही केली, पण नंतर मत द्यायला नकार दिला, तर केंद्राध्यक्षाने तशी नोंद करून त्याची सही किंवा अंगठा घ्यावा, इतकंच तो सांगतो. नोंद कशासाठी? तर संध्याकाळी रजिस्टरमधल्या सह्या आणि यंत्रातली मतं जुळावीत म्हणून. हिशेब लागावा यापलीकडे त्याचा काही परिणाम नव्हता.

पण त्या नोंदीत एक खरी अडचण होती. मत द्यायचं नाही, हे त्या माणसाला केंद्राध्यक्षासमोर, सगळ्या पक्षांच्या मतदान प्रतिनिधींसमोर सांगावं लागायचं. गावात याचा अर्थ काय होतो ते तुला सांगायला नको. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली ती याच मुद्द्यावर, की मत देणाऱ्याची गुप्तता राखली जाते, मग न देणाऱ्याची का नाही? २७ सप्टेंबर २०१३ ला सरन्यायाधीश पी. सदाशिवम, न्या. रंजना देसाई आणि न्या. रंजन गोगोई यांच्या खंडपीठाने निकाल दिला आणि यंत्रावर नोटाचं बटण ठेवायला सांगितलं. त्याच वर्षाअखेरीस दिल्ली, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि मिझोरामच्या निवडणुकांत ते पहिल्यांदा वापरलं गेलं.

निकालात न्यायालयाने आशा व्यक्त केली होती की नकार देणारे वाढले तर पक्षांना चांगले उमेदवार द्यावे लागतील. बातम्यांत तेवढीच ओळ ठळक झाली. पण न्यायालयाने दिलेला आदेश गुप्ततेपुरता होता. नोटा जिंकला तर निवडणूक रद्द करा, असं त्यात कुठेही नाही. त्यासाठी १९५१ चा कायदा आणि १९६१ चे नियम बदलावे लागतील, आणि ते बदललेले नाहीत. फिरत्या मेसेजने लोकांच्या डोक्यात आधीच फेरनिवडणूक पक्की केलेली होती. नवं बटण आल्यावर तीच समजूत त्याला येऊन चिकटली.

आता तुझ्या मैत्रिणीच्या कात्रणाकडे येऊ. लोकसभा, विधानसभा, राज्यसभा, राष्ट्रपती यांच्या निवडणुका संविधानाच्या कलम ३२४ खाली दिल्लीतला भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती यांच्या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो. तो ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने आला, कलमं २४३-के आणि २४३-झेडए. दोन्ही आयोग स्वतंत्र आहेत, एक दुसऱ्याच्या हाताखाली नाही. आमच्यासारखे महसूल खात्याचे कर्मचारी दोघांसाठीही राबतात, बोटाला शाई तीच, केंद्र तीच शाळा, म्हणून मतदाराला फरक जाणवत नाही.

महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने ६ नोव्हेंबर २०१८ ला एक आदेश काढला. तोपर्यंत राज्यातल्या काही ग्रामपंचायतींत असं घडलेलं होतं की नोटाला विजयी उमेदवारापेक्षा जास्त मतं पडली आणि तरी थोडक्या मतांचा उमेदवार निवडून आला. त्या आदेशाने महापालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी नवी रीत घालून दिली. एखाद्या जागेवर नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेचा निकाल जाहीर करायचा नाही, निवडणूक रद्द करून नव्याने घ्यायची. मात्र हे एकदाच. नव्याने घेतलेल्या निवडणुकीतही नोटाच पुढे राहिला, तर नोटा सोडून ज्याला जास्त मतं आहेत तो उमेदवार विजयी. तिसरी फेरी नाही.

आदेशाच्या बातम्यांत "त्या जागेवर" हे शब्द पुष्कळदा गळतात, पण महापालिकेत त्यांनाच महत्त्व आहे. प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा असतील तर मतदार चार वेळा बटण दाबतो आणि प्रत्येक जागेच्या यादीखाली नोटा असतो. ब जागेवर नोटा पुढे गेला तर फक्त ब ची निवडणूक पुन्हा होईल. अ, क आणि ड चे निकाल त्याच दिवशी लागतील.

हरियाणाच्या राज्य निवडणूक आयोगाने त्याच महिन्यात आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी नोटाला "काल्पनिक उमेदवार" मानलं, आणि ज्यांना नोटापेक्षा कमी मतं पडली त्यांना फेरनिवडणुकीत उभं राहायला बंदी केली. महाराष्ट्राच्या आदेशात ही बंदी नाही, तेच चेहरे पुन्हा अर्ज भरू शकतात. मला विचारशील तर हरियाणाची रीत जास्त तर्काला धरून आहे. लोकांनी ज्यांना नाकारलं, त्याच यादीवर पुन्हा मतदान घ्यायचं तर खर्चाशिवाय हाती काय येणार? पण उमेदवारी करायचा हक्क विधिमंडळाने केलेल्या कायद्याऐवजी आयोगाच्या आदेशाने काढून घेणं योग्य का, हा त्याच्या विरोधातला आक्षेपही हलका नाही.

तुम्हाला प्रश्नमंजूषेत चौथा पर्याय कोणता होता ते तू लिहिलं नाहीस, पण या विषयावर पुढचा प्रश्न हमखास बिनविरोध निवडीचा येतो, म्हणून तेही सांगून ठेवतो. एकच उमेदवार उरला तर लोक नोटा दाबून त्याला पाडू शकतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. लोकसभा-विधानसभेत तशी वेळच येत नाही. १९५१ च्या कायद्याचं कलम ५३(२) सांगतं की जितक्या जागा तितकेच उमेदवार उरले, तर मतदान न घेता त्यांना लगेच निवडून आल्याचं जाहीर करायचं. २०२४ ला सुरतेत हेच झालं. काँग्रेस उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला, कारण सूचकांनी सह्या आपल्या नसल्याचं सांगितलं. बाकीच्यांनी अर्ज मागे घेतले आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. सुरतच्या मतदाराला नोटाचं बटण बघायलाही मिळालं नाही. त्यानंतर चार दिवसांनी, २६ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने शिव खेरा यांच्या याचिकेवर निवडणूक आयोगाला नोटीस काढली. नोटाला सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक रद्द व्हावी, अशी त्यात मागणी आहे. मागणी कोर्टात करावी लागते, यातच आज तसा नियम नसल्याचं उत्तर आहे.

राज्यसभेला तर नोटाच नाही. गुजरातमधल्या एका निवडणुकीवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २१ ऑगस्ट २०१८ च्या निकालाने तिथला नोटा काढून टाकला. तिथे आमदार पसंतीक्रमाने मत देतात आणि ते पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतात, त्यामुळे गुप्ततेसाठी आणलेल्या बटणाला तिथे अर्थ उरत नाही.

तेव्हा उत्तरसूचीवर हरकत घेण्यात अर्थ नाही. प्रश्नात "लोकसभा" छापलेलं असताना तुझा पर्याय चूकच धरला जाणार. तोच प्रश्न "नगरपरिषद" आणि "महाराष्ट्र" हे दोन शब्द घालून आला असता तर तुम्हा सगळ्यांना गुण मिळाले असते. आणि नुसतंच "निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते मिळाल्यास" असं मोघम विचारलं असेल, तर मात्र खुशाल हरकत घ्या आणि सोबत ६ नोव्हेंबर २०१८ चा आदेश जोडा.